18 किलोमीटर, दोन कमानी आणि 792 सेकंद

मुंबईहून पुण्याकडे निघालेली एक कार द्रुतगती मार्गावरच्या एका कॅमेऱ्याच्या कमानीखालून सकाळी 7 वाजून 40 मिनिटं 5 सेकंदांनी जाते. 18 किलोमीटर पुढे दुसरी कमान आहे, तिच्याखालून 7 वाजून 51 मिनिटं 15 सेकंदांनी. मधे गेले 670 सेकंद. भागाकार केला की सरासरी वेग येतो ताशी 96.7 किलोमीटर. एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला 100 ची मुभा आहे, तेव्हा चालक म्हणतो की मी तर मर्यादेच्या आतच होतो.

तो आत नव्हता. या 18 किलोमीटरमध्ये घाट येतो आणि घाटात मर्यादा कमी असते. सगळ्या वाटेला 100 लावून हिशोब केला की उत्तर चुकतं, आणि नेहमी चालकाच्या अंगावर येईल असंच चुकतं. म्हणून प्रश्न नीट मांडू: एका क्षणालाही मर्यादा न ओलांडता हे अंतर कमीत कमी किती वेळात कापता येतं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. खालची अंतरं हिशोबासाठी धरलेली आहेत: पहिले 8 किलोमीटर सपाट, मग 6 किलोमीटर घाट, शेवटी पुन्हा 4 किलोमीटर सपाट. सपाटीला 100, घाटात 60. कमानी प्रत्यक्षात कुठे आहेत आणि घाटाच्या बोर्डावर त्या दिवशी कोणता आकडा आहे, ते रस्त्यावर पाहूनच घ्यायचं. आकडे बदलले तरी रीत तीच राहते.

वेग बाजूला ठेवा, सेकंद मोजा

या गणितात ताशी किलोमीटर हे एकक फसवं आहे. त्याऐवजी एका किलोमीटरला किती सेकंद लागतात ते पाहावं. 3600 ला वेगाने भागलं की तो आकडा मिळतो. 100 च्या वेगाला किलोमीटरमागे 36 सेकंद, 60 ला 60 सेकंद. आता फक्त बेरीज उरते.

```
t = 3600 × (L1/v1 + L2/v2 + L3/v3)
  = 8×36 + 6×60 + 4×36
  = 288 + 360 + 144
  = 792 सेकंद
```

म्हणजे 13 मिनिटं 12 सेकंद. या वेळेला सरासरी वेग पडतो 81.8. यापेक्षा एक सेकंद जरी लवकर कोणी पोचला, तरी त्याने वाटेत कुठे ना कुठे मर्यादा मोडलेली असणारच. बारावीच्या गणितातलं लाग्रांजचं मध्यमान प्रमेय इथे कामाला येतं: एखाद्या तुकड्यातली सरासरी 100 च्या वर असेल, तर त्या तुकड्यात निदान एका क्षणी गाडीचा वेग 100 च्या वर होता. कॅमेऱ्याने तो क्षण पाहायची गरजच नाही, दोन टोकांच्या वेळा पुरतात. उलट मात्र खरं नाही. सरासरी मर्यादेत आली म्हणून प्रत्येक क्षण मर्यादेत होता असं होत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

वरच्या गाडीला लागले 670 सेकंद, म्हणजे 122 सेकंद कमी. सपाटीवर ती बरोबर 100 ने गेली असं धरलं, तर तिथे 432 सेकंद गेले आणि घाटाच्या 6 किलोमीटरला उरले 238. घाटात वेग झाला जवळजवळ 91. साठच्या घाटात एक्याण्णव, आणि सरासरीचा आकडा मात्र सभ्य दिसतो.

अनेक जण अंतराच्या प्रमाणात वेगाची सरासरी काढतात: 12 किलोमीटरला 100, 6 किलोमीटरला 60, म्हणून सरासरी 86.7 आणि वेळ साधारण 12 मिनिटं 28 सेकंद. दिसायला हे अगदी बरोबर वाटतं. पण हा आकडा खऱ्या किमान वेळेपेक्षा 44 सेकंदांनी कमी आहे, म्हणजे त्यावर विसंबणारा चालक मर्यादा मोडणारच. कारण सरळ आहे. वेगाची सरासरी काढताना वजन द्यायचं ते वेळेचं, आणि संथ तुकड्यात गाडी जास्त वेळ असते. घाट अंतराने एक तृतीयांश आहे, पण 792 मधले 360 सेकंद तोच खातो, म्हणजे जवळजवळ निम्मी वेळ.

बोर्डाच्या अलीकडे आणि पलीकडे

792 हा कागदावरचा तळ झाला. त्यात गाडी घाटाच्या बोर्डाशी 100 वरून क्षणात 60 वर येते आणि घाट संपताच पुन्हा क्षणात 100 वर जाते. खऱ्या गाडीला दोन्हीसाठी रस्ता लागतो, आणि हा सगळा रस्ता 100 च्या हद्दीतूनच कापून घ्यावा लागतो. बोर्डापाशी पोचताना वेग आधीच 60 हवा, आणि मर्यादा संपल्याचा बोर्ड मागे पडेपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवर वाढवायचा नाही.

ब्रेक सौम्य लावले, म्हणजे वेग दर सेकंदाला सेकंदी 1 मीटरने उतरत गेला, तर 100 वरून 60 वर यायला 11 सेकंद आणि सुमारे 247 मीटर लागतात. तेच 247 मीटर 100 ने गेले असते तर 9 सेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ लागला असता. तोटा सुमारे सव्वादोन सेकंदांचा. वर चढून आल्यावर वेग थोडा सावकाश वाढवला, दर सेकंदाला 0.8 मीटरने, तर 309 मीटर लागतात आणि तोटा पावणेतीन सेकंदांचा. दोन्ही मिळून 5 सेकंद. किमान वेळ झाली 797.

हे पाच सेकंद वाचवण्यासाठी बोर्डाच्या तोंडाशी करकचून ब्रेक लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मागून ट्रक येत असतो, आणि त्याची मर्यादा मुळातच वेगळी असते. सपाटीवर जड वाहनांना 80 आहे. घाटात त्यांच्यासाठी 40 धरले तर याच 18 किलोमीटरला ट्रकची किमान वेळ 18 मिनिटं येते. एकाच दोन कमानींमध्ये कारसाठी एक आकडा आणि ट्रकसाठी दुसरा, म्हणून यंत्रणेला नंबरप्लेट वाचून भागत नाही, त्या नंबराची गाडी कोणत्या वर्गातली आहे हेही कळावं लागतं.

काटा खरं बोलतो का

पाच सेकंदांपेक्षा मोठा फरक डॅशबोर्डवर बसलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर इतकी सूट आहे. खरा वेग 100 असताना काट्याने 114 दाखवला तरी तो नियमात बसतो. त्यामुळे कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात.

आपल्या गाडीचा काटा किती पुढे आहे ते कळायला फार खटाटोप लागत नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोलने काटा 100 वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने किलोमीटरच्या दगडांवरून 5 किलोमीटरची वेळ स्टॉपवॉचवर घ्यावी. चालकाने नव्हे. काटा खरा असेल तर 180 सेकंद लागतील. समजा 187.5 लागले, तर खरा वेग 96 होता आणि काटा चार टक्के पुढे आहे. एकाच किलोमीटरवर मोजलं तर बटण दाबण्यातली अर्ध्या सेकंदाची चूकसुद्धा दीड टक्क्याच्या आसपास जाते, म्हणून पाच. फोनच्या जीपीएसवरचा वेगही चांगला असतो, पण तो थोडा मागे चालतो आणि भाताण, माडप, कामशेतसारख्या बोगद्यांत शिरलं की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता मोठ्या टायरची गोष्ट. कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त व्यासाचे टायर टाकले की चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं आणि काट्याला ते कळत नाही. व्यास तीन टक्क्यांनी वाढला तर काट्याची चार टक्क्यांची सुरक्षित पुढाई जवळजवळ संपते. ज्याचा काटा मुळात एकच टक्का पुढे होता, तो काटा 100 वर ठेवून खऱ्या 102 ने जात असतो. अशा गाडीला चलन आलं की दोष कॅमेऱ्याला दिला जातो, पण बिघाड चाकात असतो. झिजलेल्या टायरचं उलट: व्यास घटतो, काटा आणखी पुढे पळतो.

क्रूझ कंट्रोललाही चढउतारावर वेग अगदी तंतोतंत धरता येत नाही, एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतात. मर्यादा एकदाही ओलांडायची नसेल तर लक्ष्य मर्यादेवर ठेवून चालत नाही, त्याच्या दोन खाली ठेवावं लागतं. सपाटीला खरा वेग 98 आणि घाटात 58 धरला, तर 12 किलोमीटरला सुमारे 441 सेकंद आणि घाटाला 372. वेग बदलण्याचे पाच मिळवले की होतात 818, म्हणजे 13 मिनिटं 38 सेकंद.

आता चार टक्के पुढे असलेल्या काट्याच्या गाडीत बसलेला, ज्याला हे काहीच माहीत नाही असा माणूस घेऊ. तो काटा बोर्डाच्या आकड्यावर ठेवतो आणि निवांत जातो. त्याचा खरा वेग सपाटीला 96 आणि घाटात साधारण 57.7. त्याला लागतात 829 सेकंद. स्टॉपवॉच, दगड, जीपीएस, सगळ्या अभ्यासाची कमाई 18 किलोमीटरमागे 11 सेकंद. शिवाय अभ्यासू चालकाला खरा 98 गाठायला काटा 102 वर न्यावा लागतो आणि ते स्वतःच्या मोजमापावर पूर्ण विश्वास ठेवून. आमच्या मते मूळ मापाचे टायर असलेल्या गाडीला काटा बोर्डावर ठेवणं हेच शहाणपणाचं उत्तर आहे, आणि मोजमाप करायचंच तर ते टायर बदलल्यावर करावं.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. दोन किलोमीटरने वेग कमी ठेवल्यावर सपाटीला किलोमीटरमागे पाऊण सेकंदापेक्षाही कमी तोटा होतो, घाटात मात्र दोन सेकंद. वेग जितका कमी, तितका त्यातला प्रत्येक किलोमीटर वेळेच्या हिशोबात महाग. उलट्या बाजूने पाहिलं तर मर्यादेपेक्षा 10 ने जास्त गेल्यास सगळ्या 12 किलोमीटर सपाटीवर 39 सेकंद वाचतात आणि नुसत्या 6 किलोमीटर घाटात 51. घाटातच लोकांचा पाय का जड होतो याचं एक कारण हे गणित आहे. वळणं, चढ आणि ट्रकची रांग ज्या जागी आहे, नेमकी तीच जागा घड्याळाला सगळ्यात मोहाची.

ट्रकला ट्रक ओव्हरटेक करतो तेव्हा

घाटातलं नेहमीचं दृश्य: एक ट्रक रांगत चढतोय, दुसरा त्याच्याहून किंचित वेगाने त्याला ओलांडतोय आणि तिसऱ्या लेनमध्ये आणखी कोणी अडकलंय. आपली कार त्यांच्यामागे दीड किलोमीटर 25 च्या वेगाने जाते. त्या दीड किलोमीटरला 90 सेकंद लागायला हवे होते, लागले 216. तोटा 126 सेकंदांचा.

इथे मनात येणारा विचार असा: कॅमेऱ्याचा उंबरठा 792 चा आहे, मी आता 126 सेकंद मागे आहे, म्हणजे ते माझ्या खात्यात जमा आहेत, पुढे वापरू. शेवटच्या 4 किलोमीटर सपाटीवर चालक 140 ने सुटतो. तिथे 144 ऐवजी 103 सेकंद लागतात. एकूण वेळ 877 सेकंद, सरासरी 73.9. दोन कमानींच्या हिशोबात ही गाडी स्वच्छ.

पण आपला प्रश्न कॅमेऱ्याला काय दिसतं हा नव्हता, मर्यादा न मोडता किती वेळ लागतो हा होता. आणि तिथे खातंबितं काही नसतं. किमान वेळ ही प्रत्येक तुकड्याच्या किमान वेळांची बेरीज आहे, एका तुकड्यात गमावलेला सेकंद दुसऱ्यात भरून काढायला जागाच नाही, कारण दुसरा तुकडा आधीच मर्यादेच्या टोकावर मोजलेला आहे. ट्रकमागचा वेळ गेला तो गेला. नवी किमान वेळ सरळ काढता येते: सुरुवातीची सपाटी 288, ट्रकमागे 216, घाटाचे उरलेले साडेचार किलोमीटर 270, शेवटची सपाटी 144. एकूण 918, म्हणजे 15 मिनिटं 18 सेकंद. थोडक्यात, 792 हा त्या रस्त्याचा आकडा आहे आणि 918 हा त्या दिवसाचा, त्या गाडीचा.

आधी पळवायचं आणि दुसऱ्या कमानीच्या अलीकडे कडेला थांबून वेळ घालवायचा, ही युक्तीही याच गैरसमजातली. थांबल्याने सरासरी उतरते, पण वाटेत एका जागी वेग मोजणारा कॅमेरा असेल तर त्याने घेतलेला फोटो उतरत नाही. आणि एक्सप्रेसवेवर कडेला विनाकारण उभं राहणं हा वेगळाच धोका आणि वेगळाच गुन्हा.

यंत्रणा लावणाऱ्यालाही ही पळवाट ठाऊक असते. मर्यादा जिथे बदलते तिथेच कमान उभी केली की 18 किलोमीटरच्या एका हिशोबाचे तीन होतात, 288, 360 आणि 144 चे, आणि सपाटीवरचा संथपणा घाटात खर्च करता येत नाही. मात्र तुकडे फार लहान करूनही चालत नाही. 18 किलोमीटरच्या टप्प्यात दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तर सरासरी ताशी 0.1 किलोमीटरने हलते. एका किलोमीटरच्या टप्प्यात, जिथे 100 ने जायला 36 सेकंदच लागतात, तोच एक सेकंद जवळजवळ 3 किलोमीटरचा फरक पाडतो. अंतराचंही तसंच. ते वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत छोट्या वाटेने मोजलं की चूक चालकाच्या फायद्याची होते. लेन पावणेचार मीटर रुंद धरली तर काटकोनी वळणावर एक लेन बाहेरून जाणारी गाडी सुमारे 6 मीटर जास्त चालते. घाटात डावी-उजवी वळणं एकमेकांना बरीच कापतात, त्यामुळे 18 किलोमीटरमागे हा फरक नगण्य राहतो.

खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंकने जाणाऱ्या गाडीला वरचा कोणताच आकडा लागू नाही. तिची वाट घाट टाळते, अंतर वेगळं आणि बोर्डही वेगळे. पहिली आणि शेवटची कमान दोन्ही वाटांना सामाईक असेल, तर कोणती गाडी कुठून आली हे ठरवल्याशिवाय यंत्रणेला उंबरठा लावताच येणार नाही.

चलन हातात आल्यावर

चलनावर वेग छापलेला असतो म्हणून तोच मान्य करू नये, भागाकार स्वतः करून पाहावा. त्यासाठी चार गोष्टी लागतात: दोन्ही फोटोंवरच्या वेळा, दोन कमानींमधलं अंतर, त्या टप्प्यातल्या मर्यादा आणि कोणत्या वर्गाचं वाहन धरलं आहे ते. दोन्ही फोटोंतली नंबरप्लेट एकाच गाडीची आहे ना, तेही डोळ्यांनी पाहावं. 8 आणि B यांची गल्लत झाली की भलत्याच दोन गाड्यांच्या वेळा एका हिशोबात येऊ शकतात, आणि मग सरासरी इतकी विचित्र निघते की ती चूक लगेच लक्षात येते. विचित्र न निघणारी चूक जास्त त्रासाची. कारला ट्रकची मर्यादा लागली, तर 13 मिनिटं 38 सेकंदांत आलेली सरळमार्गी गाडीही 18 मिनिटांच्या उंबरठ्याखाली सापडते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली हलक्या वाहनाला वेगासाठी 1000 ते 2000 रुपये दंड आहे, तेव्हा दहा मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसणं परवडतं. सगळ्यात आधी वेळेत सेकंद आहेत का ते पाहावं. समजा फोटोंवर नुसतं 7:40 आणि 7:53 आहे. मधली खरी वेळ 12 मिनिटं 1 सेकंदापासून 13 मिनिटं 59 सेकंदांपर्यंत काहीही असू शकते, म्हणजे सरासरी 89.9 पासून 77.2 पर्यंत. आपला उंबरठा 13 मिनिटं 12 सेकंदांचा आहे, तो नेमका या दोन टोकांच्या मधे पडतो. अशा कागदावरून चालक दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. सेकंदांसकट नोंद मागवावी लागते.